रिपोर्टच्या प्रत्येक ओळीला वेगळा नंबर आणि एकच माप कशासाठी? नव्या किराणा दुकानदारांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या किराणा दुकानांचे हिशेब मी बरीच वर्षं बघतो. नवं दुकान उघडलेला माणूस पहिल्या-दुसऱ्या महिन्यात जे प्रश्न घेऊन येतो, ते इथे उत्तरांसकट लिहिले आहेत. सगळी उत्तरं खरेदी आणि साठ्याच्या रिपोर्टबद्दल आहेत, कारण नव्या दुकानाचा पैसा अडकतो तो तिथेच.

ओळीचा नंबर म्हणजे नक्की काय?

तुमच्या खरेदीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ म्हणजे एक घटना. अमुक दिवशी, अमुक व्यापाऱ्याकडून, अमुक माल, इतका आला. त्या घटनेला एक नंबर द्यायचा, तो दुसऱ्या कुठल्याही ओळीला कधीच द्यायचा नाही, आणि एकदा दिला की बदलायचा नाही. गावात एकाच नावाची दोन माणसं असतात, पण दोघांचा खाते उतारा एक नसतो. तसंच हे आहे.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणून आधीच सांगतो. मालाची ओळख वेगळी आणि ओळीची ओळख वेगळी. सोना मसुरी तांदूळ महिन्यात पाच वेळा आला तर मालाचा कोड पाचही वेळा तोच राहील, पण ओळींचे नंबर पाच वेगवेगळे असतील. मालाचा कोड "काय आलं" ते सांगतो, ओळीचा नंबर "कुठल्या खेपेबद्दल बोलतोय" ते सांगतो.

माझं दुकान लहान आहे. तारीख, मालाचं नाव आणि संख्या लिहितो. एवढ्यावर भागत नाही का?

खानापूर भागातल्या एका दुकानाची गोष्ट सांगतो. दुकान १ जूनला सुरू झालं, म्हणजे आधीचा साठा शून्य. महिन्याच्या शेवटी मालकाने तांदळाचा रिपोर्ट काढला तो असा होता:

| तारीख | माल | आलं |
|---|---|---|
| ३ जून | सोना मसुरी | १० पोती |
| ७ जून | सोनामसुरी | १० |
| १२ जून | अक्की सोना | ५ बॅग |
| १२ जून | अक्की सोना | ५ बॅग |
| १८ जून | सोना मसुरी | २ क्विंटल |

त्याने तिसऱ्या रकान्याची बेरीज केली, ३२ आली. ही ३२ पोती समजून त्याने २५ किलोने गुणलं आणि ८०० किलो तांदूळ आला असं धरलं. विक्री मात्र काट्याला जोडलेल्या बिलाच्या मशीनवर होत होती, सगळी किलोत, ती भरली ७३० किलो. म्हणजे शिल्लक ७० किलो. पावसाळा सुरू झालेला, उद्या रस्ता बंद झाला तर माल येणार नाही या काळजीने त्याने लगेच आणखी १० पोती मागवली.

माल आला तेव्हा गोडाऊनमध्ये ठेवायला जागाच नव्हती. तेव्हा मला फोन आला. आम्ही दोघांनी आधी सगळा जुना तांदूळ काट्यावर घेतला. तो भरला ४७६ किलो. रिपोर्ट सांगत होता ७०.

आता एकेक ओळ बघू. ३ जूनची १० पोती २६ किलोची होती, म्हणजे २६० किलो. ७ जूनची १० पोती दुसऱ्या व्यापाऱ्याकडची, २५ किलोची, म्हणजे २५० किलो. १२ जूनच्या बॅगा ५० किलोच्या, म्हणजे एका ओळीचे २५० किलो. १८ जूनचे २ क्विंटल म्हणजे २०० किलो. त्या बेरजेत हे २ क्विंटल "२ पोती" होऊन बसले होते.

मापाचा घोळ असा सुटला, पण १२ जूनच्या दोन ओळी राहिल्या. दोन्ही अक्षरशः सारख्या. मालकाचं म्हणणं होतं, "पोरानं दोनदा लिहिलंय, एक खोडूया." खोडली तर एकूण खरेदी ९६० किलो होते आणि शिल्लक २३० निघायला हवी. ठेवली तर खरेदी १,२१० होते आणि शिल्लक ४८० निघायला हवी. काटा ४७६ सांगत होता. म्हणजे दुसरी ओळ खरी होती. नंतर व्यापाऱ्याची बिलं शोधली तेव्हा कळलं की टेम्पोत जागा नव्हती म्हणून १० बॅगा सकाळ-दुपार अशा दोन खेपांत आल्या होत्या आणि बिलंही दोन होती, ४१८ आणि ४२६. राहिलेला ४ किलोचा फरक सांडलवंड आणि सुट्या विक्रीत सुटणाऱ्या चिमूटभर वजनाचा. बाराशे किलोमागे एवढा फरक मी चालवून घेतो.

हे सगळं त्या दिवशी सुटलं ते फक्त आधीचा साठा शून्य होता म्हणून. हाच घोळ ऑगस्टमध्ये झाला असता तर आधीच्या दोन महिन्यांचा घोळ त्यात मिसळला असता आणि काट्यानेही उत्तर दिलं नसतं. नुकसान मात्र व्हायचं ते झालंच. जादा तांदूळ ओलसर गोडाऊनमध्ये पडून राहिला, जुलै संपेपर्यंत त्याला कीड लागली, आणि ऊन मिळेना म्हणून वाळवताही आला नाही. शेवटी कमी भावात काढावा लागला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तारीख, नाव आणि संख्या या तिन्ही गोष्टी दोन खऱ्या, वेगवेगळ्या ओळींत सारख्या असू शकतात. तसं झालं की ती ओळ चुकून दोनदा लिहिली की माल खरंच दोनदा आला, हे रिपोर्टकडे बघून कोणालाच सांगता येत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा नाही.

मग निदान मालाच्या नावावरून तरी बेरीज लागेल ना?

आपल्या भागात तर मुळीच नाही. वरच्या रिपोर्टमध्येच बघा, एकाच तांदळाची तीन नावं आहेत. "सोना मसुरी" आणि "सोनामसुरी" तुम्हा-आम्हाला एकच वाटतं, पण मधल्या जागेमुळे कॉम्प्युटर त्यांना दोन माल समजतो. "अक्की सोना" लिहिणारा पोरगा कन्नड बोलणारा. त्याच्या तोंडी तांदूळ अक्की, गूळ बेल्ल, साखर सक्करे आणि तूरडाळ तोगरी ब्याळी. त्याचं काही चुकलेलं नाही. दुपारी काउंटरवर बसणारी मालकीणबाई मराठीत लिहिते, व्यापाऱ्याचं बिल इंग्रजीत येतं, आणि तिन्ही नावं एकाच रिपोर्टमध्ये उतरतात.

भाषेवर भांडून हे सुटत नाही, आणि सुटायची गरजही नाही. प्रत्येक मालाला एक छोटा कोड द्या. सोना मसुरीला `T-01`, इंद्रायणीला `T-02`, तूरडाळीला `D-01`. हे कोड एका पुठ्ठ्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही नावांसह लिहून काट्याशेजारी लावा. मग नाव कोणी कसंही लिहो, बेरीज कोडवर होईल. कोड रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवायला मी सांगतो, कारण फोनवर मराठी कीबोर्ड वापरणारा आणि कन्नड कीबोर्ड वापरणारा, दोघांनाही तो सारखाच टाइप करता येतो.

व्यापाऱ्याच्या बिलाचा नंबरच ओळीचा नंबर म्हणून वापरला तर?

पहिल्यांदा सगळ्यांना हेच सुचतं. पण तो पुरत नाही, आणि त्याची तीन कारणं आहेत.

एका बिलात अनेक माल असतात. ४१८ नंबरच्या बिलात तांदूळ, तूरडाळ आणि साखर असेल तर तुमच्या रिपोर्टच्या तीन ओळींना ४१८ हा एकच नंबर पडेल. दुसरं, बेळगावच्या रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याचं ४१८ नंबरचं बिल असतं तसं कोल्हापूरकडच्या व्यापाऱ्याचंही असतं. बिलाचा नंबर देणाऱ्याच्या दुकानापुरता वेगळा असतो, तुमच्या दुकानापुरता नाही.

तिसरं कारण वर्षभराने उघड होतं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा अनुक्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो आणि तो एका आर्थिक वर्षापुरता वेगळा असावा लागतो. म्हणून बरेच व्यापारी १ एप्रिलला पुन्हा १ पासून सुरुवात करतात. पुढच्या मे महिन्यात त्याच व्यापाऱ्याकडून पुन्हा ४१८ नंबरचं बिल येऊ शकतं.

तरीही बिलाचा नंबर रिपोर्टमध्ये हवाच, वेगळ्या रकान्यात, व्यापाऱ्याच्या नावाशेजारी. १२ जूनचा प्रश्न शेवटी बिलांच्या नंबरांनीच सोडवला, हे विसरू नका. ओळीचा नंबर तुमचा, बिलाचा नंबर त्यांचा, आणि एका ओळीवर दोन्ही असले की कधीही मूळ कागदापर्यंत जाता येतं.

जाता जाता एक सांगतो. आपल्याकडे माल दोन राज्यांतून येतो. व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होत असेल तर तो कर्नाटकातला, २७ ने सुरू होत असेल तर महाराष्ट्रातला. नाव लिहिताना हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवले की एकाच नावाचे दोन व्यापारी वेगळे ओळखू येतात, आणि कर-सल्लागारालाही पुन्हा विचारायला लागत नाही.

पाकिटावर बारकोड असतो, बिलावर एचएसएन कोड असतो. ते का नकोत?

बारकोड मालाचा असतो, खेपेचा नाही. एकाच कंपनीच्या एकाच आकाराच्या सगळ्या बिस्किट पुड्यांवर तोच बारकोड. त्यामुळे पॅकबंद मालाला मालाचा कोड म्हणून तो उत्तम, पण ओळीचा नंबर म्हणून चालत नाही. आणि पोत्यातल्या सुट्या तांदळाला तो नसतोच.

एचएसएन कोड तर मालाची ओळख म्हणूनही चालत नाही. १००६ म्हणजे तांदूळ. सोना मसुरीही १००६, इंद्रायणीही १००६ आणि बेळगाव बासमतीही १००६. तो कराच्या वर्गवारीसाठी केलेला आहे.

मग नंबर कसा द्यायचा?

जितका साधा तितका चांगला. खरेदीसाठी `KH-0001`, `KH-0002` असं पुढे जात राहा. विक्रीचा वेगळा रिपोर्ट असेल तर `VK-0001`. पुढे अक्षरं लावायचं एक व्यवहारी कारण आहे. नुसतं `0001` टाइप केलंत तर एक्सेल पुढची शून्यं टाकून देतो आणि `1` ठेवतो. `1-6` असं काही लिहिलंत तर त्याची तारीख करतो. `KH` सारख्या अक्षरांनी सुरुवात केली की तो हात लावत नाही.

नंबरात माहिती भरायचा मोह टाळा. मी अशी दुकानं बघितली आहेत की ज्यांच्या नंबरात व्यापाऱ्याचं आद्याक्षर, मालाचं नाव, भाव आणि कप्पा, सगळं कोंबलेलं असतं. मग कप्पा बदलला की नंबर बदलावासा वाटतो, आणि नंबर बदलला की जुन्या कागदावरचा नंबर कुठेच सापडत नाही. ती सगळी माहिती आपापल्या रकान्यात राहू द्या.

दोन ठिकाणी लिहिलं जात असेल, समजा गोडाऊनमध्ये तुमचा भाऊ आणि काउंटरवर तुम्ही, तर दोघांच्या मालिका वेगळ्या ठेवा, `KG-0001` आणि `KC-0001`. नाहीतर दोघंही एकाच दिवशी ५७ नंबर देऊन बसतील.

आणि एक चूक वारंवार दिसते म्हणून सांगतो. एक्सेलच्या डाव्या कडेला जे १, २, ३ दिसतात ते ओळीचे नंबर नव्हेत. तुम्ही तारखेप्रमाणे किंवा मालाप्रमाणे लावून घेतलंत की तेच आकडे दुसऱ्या ओळींसमोर येतात. `=ROW()` हे सूत्र वापरून नंबर पाडले तरी तीच गत होते. नंबर हाताने टाइप केलेला असला पाहिजे, म्हणजे ओळ कुठेही सरकली तरी तो तिच्याबरोबर जाईल.

"पोतं" हे माप का चालत नाही? सगळे तर पोत्यातच बोलतात.

बोलायला चालतं, बेरजेला चालत नाही, कारण पोतं हे भांडं आहे. त्यात किती किलो आहे हे पोत्यावर छापलेलं वाचावं लागतं.

२६ किलोच्या पोत्याबद्दल नवे दुकानदार हमखास विचारतात. त्यामागे कारण आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. २५ च्या वरचं पोतं त्यातून सुटतं. म्हणून बऱ्याच गिरण्यांनी २६ किलोचं पोतं काढलं. दिसायला ते २५ च्या पोत्यासारखंच, एकावर एक रचलं तर वेगळं ओळखूही येत नाही. १० पोत्यांमागे १० किलोचा फरक पडतो. ५० किलोची पोती आहेतच. म्हणून "१० पोती" या नोंदीचा अर्थ २५० किलो, २६० किलो किंवा ५०० किलो, यातला कुठलाही होऊ शकतो.

भावाचंही तेच. एक व्यापारी क्विंटलचा भाव सांगतो, ५,२०० रुपये. दुसरा पोत्याचा सांगतो, १,३५२ रुपये. पोतं २६ किलोचं असेल तर दोघांचाही भाव ५२ रुपये किलोच आहे. पण दुसऱ्याचं पोतं २५ चं समजलात तर तो तुम्हाला ५४ रुपयांच्या वर वाटेल आणि विनाकारण तुम्ही त्याला सोडाल.

म्हणून मालागणिक एक माप ठरवा आणि साठा, भाव, विक्री तिन्ही त्यातच ठेवा. तांदूळ, डाळ, साखर किलोत. साबण, बिस्किट नगावर. ग्रॅमचं किलो करून लिहायचं, २५० ग्रॅम म्हणजे ०.२५० किलो. पोत्यांची संख्या टाकून द्यायची नाही, ती मोजायला सोपी असते. फक्त तिच्या शेजारी एका पोत्याचं वजन वेगळ्या रकान्यात लिहायचं. जूनचा तो रिपोर्ट नीट लिहिल्यावर असा झाला:

| ओळ | तारीख | कोड | बिल | नग | एका नगाचे किलो | एकूण किलो |
|---|---|---|---|---|---|---|
| KH-0003 | ३ जून | T-01 | २०७ | १० | २६ | २६० |
| KH-0011 | ७ जून | T-01 | ९१ | १० | २५ | २५० |
| KH-0019 | १२ जून | T-01 | ४१८ | ५ | ५० | २५० |
| KH-0022 | १२ जून | T-01 | ४२६ | ५ | ५० | २५० |
| KH-0030 | १८ जून | T-01 | २२४ | ४ | ५० | २०० |

मधले नंबर दिसत नाहीत कारण ते डाळ, साखर, तेल यांच्या ओळींचे आहेत. १२ जूनच्या दोन ओळी आता कोणी एक समजणार नाही.

तुम्ही पोतं फोडून सुटा तांदूळ विकत असाल तर २५ आणि २६ च्या पोत्यांना एकच कोड बरोबर आहे, कारण फोडल्यावर तो एकच तांदूळ. पण बंद पोतं तसंच गिऱ्हाइकाला देत असाल तर दोन्हींना वेगळा कोड द्या.

तेलाच्या डब्याला तर १५ च म्हणतात. त्यात काय गोंधळ होणार?

१५ किलोचा डबा असतो आणि १५ लिटरचाही असतो. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल, आणि १५ किलोच्या डब्यात सुमारे १६.४८ लिटर.

आता समजा एक व्यापारी १५ चा डबा २,२५० ला देतो आणि दुसरा २,१०० ला. दुसरा दीडशेने स्वस्त वाटला म्हणून तुम्ही दहा डबे घेतलेत. पण पहिला डबा किलोचा होता, म्हणजे १५० रुपये किलो. दुसरा लिटरचा, १३.६५ ने भागा, जवळजवळ १५४ रुपये किलो पडला. स्वस्त म्हणून घेतलेलं तेल महाग निघालं, आणि रिपोर्टमध्ये दोन्ही ठिकाणी "डबा १५" एवढंच लिहिलेलं असल्यामुळे ते तुम्हाला कधी कळलंही नसतं. डब्यावर छापलेलं निव्वळ वजन वाचा आणि तेलाचा सगळा रिपोर्ट किलोत तरी ठेवा नाहीतर लिटरमध्ये तरी. मी किलो सुचवतो, कारण काट्यावर पडताळता येतं. रिकाम्या डब्याचं वजन तेवढं वजा करायला विसरू नका.

आठवडी बाजाराला येणाऱ्या बायका तांदूळ पायलीने देतात. ते कसं लिहायचं?

तोलून, किलोत. पायली म्हणजे चार शेर हे खरं, पण ते भरून मोजायचं माप आहे. तांदळाची पायली आणि पोह्यांची पायली एका वजनाची नसते. तोच तांदूळ शीग लावून दिला की सपाट केला यावरही फरक पडतो. शिवाय खरेदी-विक्री मेट्रिक मापातच व्हावी असा कायदा आहे, वैधमापन कायदा २००९. त्या मावशींशी बोलणं पायलीतच होऊ द्या, त्यांना तीच सवय आहे आणि त्यात वाईट काही नाही. भाव ठरला की त्यांच्यासमोर काट्यावर ठेवा, किलो दाखवा आणि रिपोर्टमध्ये ते किलो लिहा. बिल नसतं, म्हणून बिलाच्या रकान्यात "रोख, बाजार" एवढं लिहिलंत तरी चालेल. इथे तर ओळीचा तुमचा नंबर हीच एकमेव ओळख उरते.

एक्सेलमध्ये बेरीज कमी येते, पण आकडे तर बरोबर दिसतात. का?

बहुतेक वेळा आकड्याच्या घरात कोणीतरी "२६ किलो" असं शब्दासकट लिहिलेलं असतं. एक्सेल त्याला आकडा न मानता मजकूर मानतो आणि बेरजेत धरतच नाही, तेही काही न सांगता. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही स्वतः मांडणी बदललेली नसेल तर आकडा घराच्या उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या. रकाना वरून खाली नजरेने बघा, डावीकडे सरकलेलं घर सापडलं की तोच चोर. मापाचं नाव रकान्याच्या मथळ्यात लिहा, खाली फक्त आकडे.

नंबर दोनदा पडलाय का हे बघायला शेवटच्या रिकाम्या रकान्यात हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढा. ओळीचे नंबर A रकान्यात आहेत असं धरलं आहे:

```
=COUNTIF(A:A,A2)
```

सगळीकडे १ आला पाहिजे. २ दिसला तर त्या दोन ओळींची बिलं काढून बघा, आणि बिलं बघितल्याशिवाय एकही ओळ खोडू नका. आणि एका मालाची बेरीज अशी, कोड C मध्ये आणि एकूण किलो G मध्ये असतील तर:

```
=SUMIF(C:C,"T-01",G:G)
```

वेगवेगळ्या मालांची एकत्र बेरीज करायची असेल तर ती फक्त रुपयांची करा. तांदळाचे किलो आणि साबणाचे नग मिळवून आलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो.

माल परत पाठवला किंवा लिहिताना चूक झाली, तर ओळ खोडायची का?

खोडायची नाही. समजा `KH-0022` मधल्या एका बॅगेत ओल निघाली आणि ती परत गेली. नवी ओळ घाला, नवा नंबर द्या, नगात -1 आणि एकूण किलोत -50 लिहा, आणि शेऱ्यात "KH-0022 पैकी परत" असं लिहा. पुढच्या महिन्यात व्यापाऱ्याशी हिशेब बसवताना "ती ओली बॅग" म्हणून वाद घालण्यापेक्षा नंबर सांगितला की काम होतं. चुकीच्या नोंदीचंही असंच करा, उलटी ओळ घालून ती शून्य करा आणि मग बरोबर ओळ लिहा. मूळ ओळ खोडली तर तिच्यावर बोट ठेवणारे जुने कागद निराधार होतात. आणि तो मोकळा झालेला नंबर दुसऱ्या ओळीला दिला तर त्याहून वाईट.

दुकान सुरू होऊन चार महिने झाले, वहीत नंबरही नाहीत आणि मापंही मिसळलेली आहेत. सगळं पुन्हा लिहायचं?

नको. चार महिन्यांपूर्वीचं पोतं २५ चं होतं की २६ चं हे आता आठवून लिहिलंत तर अंदाजच लिहाल. एखादा सुट्टीचा दिवस धरा, दुकान बंद ठेवून सगळा माल काट्यावर घ्या. फुटकी पोती तोलायची, बंद पोत्यांचं छापील वजन वाचून संख्येने गुणायचं, पॅकबंद माल नगावर मोजायचा. प्रत्येक मालाची एक ओळ, तारीख त्या दिवसाची, बिलाच्या रकान्यात "आरंभीचा साठा". तांदळाच्या पहिल्या ओळीला `KH-0001` द्या. जुनी वही फेकू नका, तिच्यातली उधारी वसूल व्हायची असते. तिच्या शेवटच्या भरलेल्या पानाखाली रेघ ओढून तारीख घाला आणि ती व्यापाऱ्यांच्या बिलांच्या फाइलीबरोबर ठेवा.